प्रकरण अभ्यास : दुसऱ्याचे वाक्य पूर्ण करणारे मामा

हे प्रकरण लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत सोयाबीनची खरेदी करणाऱ्या एका शेतकरी उत्पादक कंपनीतील आहे. संबंधित दोघांच्या संमतीने ते येथे मांडले असून, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि व्यक्तींचा उल्लेख त्यांच्या कामावरून केला आहे.

पार्श्वभूमी

कंपनीची सहा खरेदी केंद्रे वेगवेगळ्या तालुक्यांत आहेत आणि मुख्य कार्यालय लातूरला आहे. हंगामात, म्हणजे दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची काढणी सुरू झाल्यापासून, सर्व केंद्रांचे समन्वयक एक दिवसाआड सकाळी आठ वाजता मोबाइलवरील सामूहिक कॉलवर येतात. केंद्रावर किती माल आला, त्यात हवा किती, माती आणि डागी दाणे किती, कोणती गाडी कोणत्या प्रक्रिया कारखान्याकडे न्यायची, हे या कॉलवर ठरते. हवा म्हणजे दाण्यातील ओलावा, हे या व्यापारातील कोणालाही सांगावे लागत नाही. ज्या कारखान्याशी कंपनीचा व्यवहार होता त्याची अट साधी होती : दहा टक्के हवेपर्यंत पूर्ण भाव, दहा ते बारापर्यंत कपात करून माल घ्यायचा आणि बाराच्या पुढचा माल परत पाठवायचा.

खरेदी प्रमुख पन्नाशीच्या पुढचे गृहस्थ आहेत. कंपनीत येण्याआधी त्यांची बरीच वर्षे आडतीवर मुनीम म्हणून गेली. पोत्यात हात घालून हवा सांगणारा माणूस अशी त्यांची ख्याती आहे आणि कार्यालयापासून केंद्रांपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणतात. लेखापाल पदावर काम करणाऱ्या ताई वयाने त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान असल्या तरी पदाने त्यांच्या बरोबरीच्या आहेत. दोघेही व्यवस्थापकांना उत्तरदायी आहेत. पदाने समान, वयाने आणि मानाने असमान, हे नाते पुढील सगळ्या घडामोडींच्या मुळाशी आहे. अधिकाऱ्याने कनिष्ठाला समज देणे किंवा समवयस्काने समवयस्काला टोकणे यापेक्षा हा प्रसंग बराच अवघड होता.

अडचण

मामा कॉलवर इतरांच्या बोलण्यात मध्येच बोलतात, ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती आणि कोणी ती बोलून दाखवत नव्हते. ऑक्टोबरमधील परतीच्या पावसानंतर मात्र तिची किंमत मोजावी लागली. एका केंद्राच्या समन्वयक, ज्या त्याच वर्षी रुजू झाल्या होत्या, आपल्या मालाची स्थिती सांगत होत्या. त्यांचे पूर्ण वाक्य असे होते : “हवा बारा तारखेच्या पावसाआधीच्या मालाला ठीक आहे, पण नंतरच्या मालाला पंधराच्या पुढं चाललीय.” त्यांनी “हवा बारा” एवढे शब्द उच्चारताच मामा म्हणाले, “बारा ना? चालतंय, कपात लावून घेऊ. आजच गाडी भरा,” आणि त्यांनी पुढच्या केंद्राला हाक मारली.

समन्वयकांनी वाक्य पूर्ण केले होते, पण त्यांचा आवाज मामांच्या आवाजाखाली गेला. त्यांनी पुन्हा सांगितले नाही. मामांनी ऐकूनच निर्णय दिला असेल, कपातीचे त्यांनी काही ठरवले असेल, असे त्यांना वाटले. गाडी भरली गेली. कारखान्याच्या दारात नमुने काढले तेव्हा निम्म्याहून अधिक कट्ट्यांमधील हवा पंधराच्या वर निघाली आणि गाडी परत आली. दोन्ही बाजूंचे भाडे कंपनीच्या अंगावर पडले, माल पुन्हा ताडपत्रीवर पसरून वाळवावा लागला आणि तोवर भाव थोडा उतरला. पुढच्या कॉलवर मामांनी सर्वांसमोर विचारले, “आधी सांगायचं ना?” त्यावर समन्वयक गप्प राहिल्या. त्यानंतरच्या कॉलवर त्या “सगळं नॉर्मल आहे” यापलीकडे काही बोलेनाशा झाल्या.

भाड्याचे बिल खात्यावर घेताना ताईंना कारण लिहायचे होते. अनुपस्थित राहणाऱ्यांसाठी व्यवस्थापक कॉलचे ध्वनिमुद्रण ठेवत असत, ते त्यांनी काढून ऐकले. नेमके काय घडले ते त्यांना तिथे कळले. मग त्यांनी मागच्या काही कॉलची मुद्रणेही ऐकली.

मुद्रणांतून काय दिसले

या टप्प्यावर ताईंनी जे केले ते मला या प्रकरणातील सर्वांत उपयोगी काम वाटते. “मामा मध्ये बोलतात” या एका तक्रारीत तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत, असे त्यांच्या लक्षात आले. मामा कधी दुसऱ्याचे वाक्य स्वतः पूर्ण करत. कधी बोलणाऱ्याला थांबवून वेगळाच प्रश्न विचारत, आणि मग मूळ विषयाकडे कोणी परतत नसे. तिसरा प्रकार संख्येने सर्वांत जास्त होता, तो म्हणजे समोरचा बोलत असताना सतत “हां, हां, बरोबर, पुढं” असे म्हणत राहणे. पारावर किंवा कार्यालयात समोरासमोर बसून बोलताना हा हुंकार सौजन्याचा असतो. मी ऐकतो आहे, तुम्ही बोला, असा त्याचा अर्थ होतो. कॉलवर त्याचा परिणाम उलटा होत होता.

याचे कारण यंत्रात होते. मामा आपला मोबाइल टेबलावर स्पीकरवर ठेवून बोलत. स्पीकरवर असताना स्वतःचाच आवाज घुमून परत जाऊ नये म्हणून अनेक फोन, आपण बोलू लागताच, समोरून येणारा आवाज दाबतात. त्यामुळे मामांच्या प्रत्येक “हां, बरोबर” बरोबर समोरच्याचे दोन-तीन शब्द खुद्द मामांनाच ऐकू येत नसत. “तारखेच्या पावसाआधीच्या” हे शब्द त्यांच्या कानावर पडले नसण्याची शक्यता मोठी होती. म्हणजे त्यांनी ऐकून दुर्लक्ष केले, हा समज बहुधा चुकीचा होता.

दुसरे कारण विलंबाचे. समोरासमोर बोलताना एकाचे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत फार थोडा अवधी जातो. दहा भाषांची तुलना करणाऱ्या २००९ मधील एका अभ्यासात तो सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा आढळला होता. दूरध्वनीवरील संभाषण नैसर्गिक वाटावे म्हणून आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. गावातील कमकुवत नेटवर्कवर हा विलंब सहज त्याच्या कितीतरी पुढे जातो. समन्वयक श्वास घेण्यासाठी थांबल्या की ती शांतता मामांपर्यंत उशिरा पोहोचे. ते बोलायला लागत तेव्हा समन्वयकांनी पुढचे वाक्य सुरू केलेले असे, ते फक्त वाटेत असे. सहाही केंद्रांवर हा विलंब होताच, पण दोघांचे आवाज आदळले की कोण थांबणार हे वयाने आणि मानाने आधीच ठरलेले होते. यंत्राने टक्कर घडवली तरी माघार प्रत्येक वेळी एकाच बाजूने होत होती.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय कॉलवरच बोलण्याचा होता : “मामा, त्यांना पूर्ण बोलू द्या.” एखाद्या क्षणापुरते हे योग्य ठरले असते, परंतु सहा केंद्रांसमोर आणि व्यवस्थापकांसमोर मामांना टोकल्यावर मूळ मुद्दा बाजूला राहून मानापमान पुढे आला असता. ताईंनी तो सोडला.

दुसरा पर्याय व्यवस्थापकांना सांगण्याचा. कॉल तेच चालवत असल्यामुळे तत्त्वतः हाच मार्ग सरळ होता. ताईंना शंका अशी होती की व्यवस्थापक मामांना बोलावून “तुमच्याबद्दल तक्रार आली आहे” असे सांगतील, तक्रार कोणाची हे अर्ध्या तासात कळेल आणि संशय सर्वांत आधी त्या नव्या समन्वयकांवर जाईल. ही शंका निराधार नव्हती.

तिसरा पर्याय, सर्वांसाठी एक नियम म्हणून गटावर संदेश टाकण्याचा : “कृपया कोणीही मध्ये बोलू नये.” अशा संदेशाने ज्यांना कधीच बोलता आले नाही ते अधिक गप्प होतात, आणि ज्याच्यासाठी तो असतो तो अंगठा दाखवून मोकळा होतो. माझ्या पाहण्यात असे अनेकदा घडले आहे.

उरला समोरासमोर, एकट्याने, शांतपणे सांगण्याचा पर्याय. ताईंनी तो निवडला.

संभाषणाची तयारी

त्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या होत्या. पहिली, उदाहरण कोणते द्यायचे. परत आलेल्या गाडीचे उदाहरण सर्वांत ठोस होते, पण ते दुसऱ्या व्यक्तीचे होते. ताईंनी समन्वयकांना फोन करून विचारले. त्या आधी नको म्हणाल्या. मामांना दोष न देता केवळ मुद्रणात काय ऐकू येते तेवढेच सांगेन, असे ताईंनी म्हटल्यावर त्या तयार झाल्या. दुसरी गोष्ट अशी की “सगळ्यांनाच असं वाटतं” हे वाक्य वापरायचे नाही, असे ताईंनी स्वतःशी ठरवले. त्या वाक्याने बळ येते, पण ऐकणाऱ्याच्या मनात लगेच एक कट उभा राहतो आणि तो पुढचा वेळ नावे शोधण्यात घालवतो.

वेळ त्यांनी कॉल नसलेल्या दिवशीची, दुपारच्या चहाची निवडली. त्या वेळी कारखान्याचा भाव येऊन गेलेला असतो आणि मामांचा फोन त्या मानाने शांत असतो.

संभाषण

ताईंनी नंतर आठवणीतून लिहून ठेवलेले आणि मामांनी वाचून मान्य केलेले संभाषण असे :

“मामा, कॉलबद्दल एक बोलायचं होतं. पाच मिनिटं आहेत का?”

“बोला की ताई. बिलाचं काही राहिलंय का?”

“बिलाचंच आहे, पण हिशोबाचं नाही. ती गाडी परत आली, त्या दिवसाचं रेकॉर्डिंग मी ऐकलं. त्यांनी पंधराच्या पुढची हवा सांगितली होती. ‘हवा बारा’ म्हणल्यावर तुम्ही बोलायला लागलात आणि पुढचं कुणालाच नीट ऐकू आलं नाही.”

“पंधरा? मला तर बाराच ऐकू आलं.”

“तुम्हाला बाराच ऐकू आलं असणार. फोन स्पीकरवर असला की आपण बोलताना समोरचा आवाज दबतो. पण मामा, तुम्ही नेहमीच मध्ये बोलता, त्यामुळं…”

“नेहमी? नेहमी कुठं बोलतो मी? परवा तर मी एक अक्षर बोललो नाही. अन् कॉल किती लांबायलाय ते बघा. एक जण गावच्या लग्नाचं सांगतो, दुसरा रस्त्याचं. मी पुढं ढकललं नाही तर दहा वाजेपर्यंत तसंच चालंल. मी तर त्यांना मदत करायलो.”

“‘नेहमी’ म्हणायला नको होतं, ते सोडा. लांबतं हेही खरं आहे. माझी विनंती एवढीच आहे की केंद्राचा माणूस हवा, माती आणि गाडी, हे तीन सांगून होईपर्यंत तुम्ही बोलू नका. ‘हां हां’ सुद्धा नको. फोन म्यूट ठेवा आणि जे विचारायचं ते लिहून ठेवा. त्यांचं झालं की तुम्हीच पहिले विचारा.”

“अन् मधीच कारखान्याचा भाव बदलल्याचा फोन आला तर? तेव्हा मी थांबणार नाही.”

“भाव बदलला किंवा गाडी दारात अडली, तर लगेच बोला. ते थांबवण्यासारखं नाहीच.”

“आणि ते लग्नाचं, रस्त्याचं?”

“ते आवरायचं काम मॅनेजर सरांचं आहे. मी त्यांना तसं सांगते. तुमचं नाव न घेता.”

“नाव घेतलं तरी काय बिघडतंय. बघतो. विसरलो तर सांगा, पण कॉलवर नका सांगू.”

“नाही. तुम्हाला एकट्याला मेसेज करते.”

संभाषणातील निर्णायक जागा

हे संभाषण दोन ठिकाणी वळले. पहिले वळण “नेहमी” या शब्दाचे. त्याआधी बोलणे एका गाडीबद्दल आणि एका वाक्याबद्दल होते, त्यामुळे मामा तपशिलात उत्तर देत होते. “नेहमी” आल्याबरोबर विषय त्यांच्या स्वभावाचा झाला, आणि स्वभावावरील आरोपाला एक अपवाद दाखवला की उत्तर मिळते. परवाच्या कॉलचा अपवाद त्यांनी लगेच दाखवला. ताईंनी तो शब्द ताबडतोब मागे घेतला आणि त्याचा बचाव केला नाही, म्हणून बोलणे पुन्हा गाडीवर आले. तो सिद्ध करत बसल्या असत्या, तर मुद्रणांची सगळी यादी बाहेर आली असती आणि संभाषणाचा खटला झाला असता.

दुसरे वळण मामांच्या आक्षेपाचे. कॉल लांबतो, हे त्यांचे म्हणणे सबब म्हणून झटकता आले असते. पण ते खरे होते, आणि मध्ये बोलण्याच्या सवयीमागचे ते एक कारणही होते. ताईंनी ते मान्य केले आणि ते काम ज्याचे आहे त्याच्याकडे सोपवले. त्यामुळे मामांना माघार घ्यावी लागली नाही, केवळ एक काम त्यांच्याकडून गेले.

मागणी किती लहान होती, हेही पाहण्यासारखे आहे. “इतरांचा आदर करा” असे ताई म्हणाल्या नाहीत. हवा, माती आणि गाडी ही तीन माहिती सांगून होईपर्यंत म्यूट, एवढेच त्यांनी मागितले. पाळले गेले की नाही, हे कोणालाही वाद न घालता सांगता येईल अशी ती मागणी होती.

त्यानंतर काय झाले

पुढच्या कॉलवर मामा जवळपास काहीच बोलले नाहीत. ताईंना हे यश वाटले, पण केंद्रांवर त्याचा अर्थ वेगळा घेतला गेला. दोन समन्वयकांनी कार्यालयात फोन करून मामा कोणावर रागावले आहेत का, अशी चौकशी केली. गाडी परत आल्यामुळे त्यांना बाजूला केले की काय, अशीही कुजबुज झाली. त्यानंतर मामांनीच एका कॉलच्या सुरुवातीला सांगितले, “तुमचं आधी होऊ द्या, मग मी विचारतो. त्या दिवशी मला अर्धंच ऐकू आलं होतं.” दुसरे वाक्य त्या समन्वयकांसाठी होते, आणि ते मागितले नसताना आले.

व्यवस्थापकांनी केंद्रांचा क्रम ठरवून दिला. नाव पुकारले की त्या केंद्राने आधी तीन माहिती द्यायची, आणि बाकीच्या गोष्टी शेवटी. कॉल सुरुवातीला लांबला, कारण पूर्वी अर्धवट राहणारी वाक्ये आता पूर्ण होत होती आणि त्यांतून प्रश्न निघत होते. क्रम अंगवळणी पडल्यावर तो आटोक्यात आला.

मामांची सवय गेली असे म्हणता येणार नाही. आवक वाढली आणि भाव हलायला लागले की ते पुन्हा मध्ये येत. ताई त्यांना “म्यूट” एवढाच संदेश पाठवत, आणि बहुतेक वेळा तो पुरे. एकदा तो त्यांनी पाहिलाच नाही, कारण फोन कानाला होता. ‘भाव बदलला तर बोलेन’ हा अपवादही अधूनमधून ताणला गेला, आणि भावाच्या निमित्ताने सुरू झालेले बोलणे दुसरीकडे वळे.

नव्या समन्वयक मात्र पुन्हा तपशिलात बोलू लागल्या. हवा सांगताना त्या आता आकडा आधी आणि तारीख नंतर सांगतात, आणि कोणता माल किती हवेचा हे कॉलआधी गटावर लिहून टाकतात. ही पद्धत पुढे इतर केंद्रांनीही उचलली.

एका केंद्राचे समन्वयक आधीही गप्प असत आणि नंतरही गप्पच राहिले. त्यांच्या गप्प बसण्याचा मामांशी संबंध नव्हता. सकाळी आठ वाजता ते मोटारसायकलवरून केंद्राकडे निघालेले असत आणि फोन खिशात असे. त्यांची वेळ बदलावी लागेल, हे क्रम ठरल्यावर प्रथमच लक्षात आले, कारण त्यांचे नाव पुकारल्यावर दर वेळी शांतता पसरत होती.

काय वेगळे करता आले असते

गाडी परत येण्याआधीही या सवयीमुळे माहिती अर्धवट राहत होती. कॉल संपताना ठरलेले निर्णय कोणी वाचून दाखवले असते, तर “हवा बारा, आज गाडी” हे ऐकून समन्वयकांना दुरुस्ती करायची एक संधी मिळाली असती. वरिष्ठाला बोलताना अडवण्यापेक्षा वाचून दाखवलेल्या नोंदीत चूक दाखवणे कनिष्ठाला पुष्कळ सोपे जाते. हंगामाच्या शेवटी ही पद्धत कंपनीने सुरू केली. ती पहिल्या दिवसापासून हवी होती.

व्यवस्थापकांबद्दलची ताईंची शंका समजण्यासारखी असली, तरी त्यांना पूर्णपणे बाहेर ठेवायची गरज नव्हती. तक्रार न नेता केवळ क्रम ठरवण्याची सूचना आधी नेली असती, तर मामांशी बोलताना “क्रम ठरतोय, त्यात तुमचं हे एवढं” असे सांगता आले असते आणि मागणी व्यक्तिगत वाटली नसती. कॉल चालवणाऱ्याने न केलेले काम लेखापालाने केले, ही या प्रकरणातील मूळ उणीव मला वाटते. ते ताईंनी चांगले केले म्हणून ती झाकली जात नाही.

पहिल्याच कॉलवरच्या मामांच्या मौनाचा अंदाज घेता आला असता. ज्याच्या आवाजाची सर्वांना सवय आहे तो अचानक गप्प झाला तर त्याचे अर्थ निघणारच. आपण का थांबतो आहोत हे मामांनी पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगावे, असे चहाच्या वेळीच ठरले असते तर दोन कॉलमधली कुजबुज टळली असती.

शेवटचा मुद्दा फोनचा. मामांना आता कानात घालायचा इअरफोन दिला आहे, म्हणून समोरचा आवाज पूर्वीसारखा दबत नाही. हा उपाय पहिल्या दिवशी केला असता तर संभाषणाची गरज उरली नसती का, असे मला विचारले गेले. मला तसे वाटत नाही. इअरफोनने मामांना “तारखेच्या पावसाआधीच्या” हे शब्द ऐकू आले असते, परंतु ते ऐकू येण्याआधीच ते “बारा ना?” म्हणाले होते.